अकरावीचा प्रवेश अर्ज कसा भरावा: नाव, प्रवर्ग, कागदपत्रे आणि प्रतिज्ञापन

2025-26 या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यासाठी एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तोपर्यंत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालये छापील अर्ज देत, खिडकीवरचा लिपिक कागद पाहून चूक दाखवत असे, आणि ती तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त होत असे. आता अर्ज mahafyjcadmissions.in या संकेतस्थळावर भरला जातो. त्यात टाकलेली माहिती गुणवत्ता यादीपर्यंत तशीच जाते आणि चूक लक्षात येते तेव्हा बहुधा एक फेरी उलटलेली असते. हा लेख त्या अर्जाच्या पहिल्या भागाविषयी, म्हणजे वैयक्तिक माहिती, प्रवर्ग, कागदपत्रे आणि प्रतिज्ञापन यांविषयी आहे. महाविद्यालयांचा पसंतीक्रम दुसऱ्या भागात येतो. त्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे. पदवीच्या प्रथम वर्षाचे अर्ज वेगळे असले तरी हे चार विभाग तिथेही जवळपास असेच असतात.

लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. यावल तालुक्यातील एक विद्यार्थिनी राज्य मंडळाची दहावी उत्तीर्ण झाली असून तिला विज्ञान शाखेत जायचे आहे. कुटुंब लेवा पाटील समाजाचे आहे. तिच्या गुणपत्रिकेवर आडनाव ‘पाटील’ आहे, तर वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘चौधरी’. आपल्याकडे ही परिस्थिती अगदी नेहमीची आहे, आणि अर्जातील निम्म्या अडचणी तिच्यातूनच निघतात.

टप्पा 1: अर्ज उघडण्यापूर्वी कागद जमा करणे

अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, कागद जमवायला दोन महिने लागू शकतात. दहावीचा निकाल लागल्यावर सेतू केंद्रात आणि प्रांत कार्यालयात एकाच आठवड्यात सारा तालुका लोटतो, म्हणून दाखल्यांची कामे मार्च-एप्रिलमध्येच सुरू करावीत. परीक्षा संपल्यावर विद्यार्थी मोकळा असतो आणि कार्यालयातही त्या काळात त्यामानाने गर्दी कमी असते.

प्रत्येक अर्जदाराला दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड लागते. आरक्षण मागायचे असेल तर त्यात आणखी कागदांची भर पडते, आणि ती प्रवर्गाप्रमाणे बदलते. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना जातीचे प्रमाणपत्र पुरते. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागास वर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांना जातीच्या प्रमाणपत्राबरोबर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतून अर्ज करणाऱ्यांसाठी त्या घटकाचे वेगळे पात्रता प्रमाणपत्र असते. तहसीलदारांचा नेहमीचा उत्पन्नाचा दाखला त्याच्या जागी चालत नाही.

यांतील कोणता कागद किती काळ चालतो, हे नीट समजून घ्यावे. जातीचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की त्याला मुदत नसते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राला मात्र असते. ते एक ते तीन वर्षांसाठी मिळते आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. म्हणजे नववीत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेले प्रमाणपत्र फाईलमध्ये व्यवस्थित जपून ठेवलेले असते, पण प्रवेशाच्या जूनमध्ये ते दोन महिन्यांपूर्वीच बाद झालेले असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही त्या त्या आर्थिक वर्षापुरतेच असते, त्यामुळे ते 1 एप्रिलनंतर नव्याने काढावे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीला जातीचे प्रमाणपत्र फैजपूरच्या प्रांत कार्यालयातून मिळेल, कारण यावल आणि रावेर हे दोन्ही तालुके त्या उपविभागात येतात. त्यासाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या पिढीचा पुरावा लागेल. इतर मागास वर्गासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचे दाखवावे लागते. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा असेल तर उत्तम. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागवावी. गाव मोठे असो वा छोटे, ही नक्कल एका फेरीत हाती पडत नाही. वेळ जातो तो इथेच.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला काढताना एका वर्षाचा की तीन वर्षांचा, असे विचारले जाते. इथे तीन वर्षांचाच मागावा, नाहीतर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

*तपासणी:* सर्व मूळ कागद टेबलावर मांडून प्रत्येकावरील विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जात एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढा. फरक डोळ्यांनी पाहून सुटतात, लिहून काढल्यावर सुटत नाहीत.

टप्पा 2: नोंदणी आणि मोबाइल क्रमांक

पहिली मोठी चूक नोंदणीच्या पानावरच होते, आणि ती करणारे बहुतेकदा पालक नसून नेट कॅफेचालक असतात. संकेतस्थळावरून येणारा ओटीपी लगेच मिळावा म्हणून ते स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतात. मग लॉगिन क्रमांक, अर्ज परत आल्याची सूचना, वाटप झालेले महाविद्यालय हे सारे त्या दुकानदाराच्या फोनवर जाते. एका हंगामात शेकडो अर्ज भरणाऱ्या माणसाकडून प्रत्येकाला फोन होईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

म्हणून घरातील जो क्रमांक प्रवेश संपेपर्यंत सुरू राहील, तोच द्यावा. शेतात किंवा कामावर असताना वडिलांचा फोन लागत नसेल तर आईचा किंवा मोठ्या भावाचा द्यावा, मात्र रिचार्ज संपणार नाही याची काळजी घ्यावी. पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः ठरवावा आणि वहीत लिहून ठेवावा. भरण्याचे काम कॅफेत झाले तरी हरकत नाही, पण लॉगिन आपल्या हातात राहिले पाहिजे.

2025-26 मध्ये नोंदणी शुल्क 100 रुपये होते. ते भरल्याची पावती त्याच वेळी उतरवून घ्यावी. खात्यातून पैसे गेले आणि पडद्यावर शुल्क बाकी दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. काही वेळ थांबून पुन्हा लॉगिन करून स्थिती पाहावी.

टप्पा 3: नाव, जन्मतारीख आणि गुण

नियम एकच आहे: नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे छापले आहे तसेच भरायचे. आधार कार्डावर ते वेगळे असले, घरात वेगळे लिहीत असले किंवा इंग्रजी स्पेलिंग चुकीचे वाटत असले, तरी अर्जात सुधारणा करायची नाही. Chaudhari, Choudhari आणि Choudhary ही तिन्ही रूपे आपल्याकडे सापडतात, पण संगणकाला ती तीन वेगळी आडनावे वाटतात.

गुणपत्रिकेवरील नाव खरोखर चुकले असेल, तर दुरुस्तीचा मार्ग शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते नाशिक विभागीय मंडळ आहे. ही दुरुस्ती प्रवेशाच्या काळात पूर्ण होईल असे धरून चालू नये. प्रवेश आहे त्या नावाने घ्यावा आणि दुरुस्तीचा अर्ज स्वतंत्रपणे चालवावा. दुरुस्त गुणपत्रिका आल्यावर महाविद्यालयाच्या नोंदी तिच्या आधारे बदलता येतात.

आता उदाहरणाकडे वळू. विद्यार्थिनी ‘पाटील’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘चौधरी’, असे असताना अर्जात ‘पाटील’च भरायचे. आडनावातील फरक मिटवण्याची जागा प्रवेश अर्ज नाही, जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज आहे. तिथे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही आडनावे एकाच कुटुंबाची असल्याचे स्पष्ट लिहावे. पाटीलकी घरात असल्याने काही नोंदी पदावरून आणि काही मूळ आडनावावरून झाल्या, असे कारण असेल तर तेही लिहावे, आणि दोन्ही आडनावांचा पुरावा जोडावा. वडिलांनी आडनाव राजपत्रात बदलून घेतले असेल तर त्या राजपत्राची प्रत लावावी. प्रमाणपत्र मात्र विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवरील नावानेच मिळाले पाहिजे. सेतू केंद्रात अर्ज टंकित होत असताना शेजारी उभे राहून हे पाहावे, कारण टंकलेखक वडिलांचा दाखला समोर ठेवून ‘चौधरी’ टाकून मोकळा होतो आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर सारे चक्र पुन्हा फिरवावे लागते.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे गुण बैठक क्रमांकावरून येतात, तरी ते गुणपत्रिकेशी ताडून पाहावेत. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनी गुण स्वतः भरायचे असतात. तिथे टक्केवारीच्या रकान्यात गुण आणि गुणांच्या रकान्यात टक्केवारी पडल्याचे अनेकदा आढळते.

*खबरदारी:* जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे भरा. आधारवर वेगळी तारीख असेल तर दुरुस्ती आधारमध्ये करून घ्या.

टप्पा 4: प्रवर्ग, जात आणि धर्म

अर्जातील सर्वाधिक नुकसान या विभागात होते, म्हणून इथे घाई करू नये.

पहिला गैरसमज असा की, गुण चांगले असतील तर ‘खुला’ प्रवर्ग भरावा, म्हणजे मोठे महाविद्यालय मिळते. हे चुकीचे आहे. राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्याचे गुण खुल्या जागेच्या गुणवत्तेत बसत असतील, तर त्याला ती जागा गुणांवर मिळते, आणि बसत नसतील तर त्याचा राखीव जागेसाठी विचार होतो. प्रवर्ग भरल्याने काही गमवावे लागत नाही. न भरल्याने मात्र राखीव जागा हातची जाते आणि पुढे शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत मागतानाही प्रवेश खुल्या प्रवर्गातून झाल्याची नोंद आडवी येते.

दुसरी चूक प्रवर्ग बरोबर भरून नॉन-क्रीमीलेअरच्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर देण्याची. प्रमाणपत्र अजून हाती आलेले नाही म्हणून प्रामाणिकपणे ‘नाही’ भरले जाते, आणि मग अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. प्रमाणपत्रासाठी अर्ज केलेला असेल तर त्या अर्जाची पोच आणि हमीपत्र देण्याची सोय त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आहे का, हे पाहून तोच पर्याय निवडावा. हमीपत्र दिले तर त्यातील मुदत पाळावी लागते. त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरी गोष्ट म्हणजे जातीचे नाव. अर्जात जात आणि प्रवर्ग हे दोन रकाने वेगवेगळे आहेत, आणि दोन्ही जातीच्या प्रमाणपत्रावरून भरायचे आहेत. शेजाऱ्याने काय भरले किंवा व्हॉट्सॲपवर कोणती यादी फिरते आहे, यावरून नव्हे. आपल्या उदाहरणात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू लेवा पाटीदार’ असे आहे आणि जातीच्या प्रमाणपत्रावर ‘लेवा पाटील’. राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत कुणबी या जातीखाली लेवा कुणबी, लेवा पाटील आणि लेवा पाटीदार ही तिन्ही नावे आहेत, त्यामुळे प्रवर्ग बदलत नाही. तरीही अर्जात प्रमाणपत्रावरचेच नाव लिहावे, कारण तपासणी करणारा अर्जाशेजारी प्रमाणपत्र ठेवून पाहतो.

दरवेळी मात्र फरक इतका निरुपद्रवी नसतो. तापीकाठच्या अनेक गावांत शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘कोळी’ लिहिलेले असते. कोळी ही नोंद विशेष मागास प्रवर्गात येते, तर टोकरे कोळी अनुसूचित जमातीत. एका शब्दाने प्रवर्ग बदलतो, आणि हातात प्रमाणपत्र ज्या नोंदीचे आहे त्याच प्रवर्गाचा दावा करता येतो. प्रमाणपत्र पुढे मिळेल अशा आशेवर दुसरा प्रवर्ग भरला तर तपासणीत अर्ज परत येतो, आणि तिथेही तो निसटला तर पुढे जात पडताळणी समितीसमोर अडतो.

मराठा समाजातील विद्यार्थ्यांपुढे तीन वाटा दिसतात आणि म्हणून गोंधळही तिप्पट होतो. कुणबी असल्याचे प्रमाणपत्र असेल तर प्रवर्ग इतर मागास वर्ग होतो. ते नसेल तर 2024 च्या कायद्यानुसार सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातून अर्ज करता येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे आरक्षण इतर कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे ते या दोन्हींबरोबर मागता येत नाही. घरात जुन्या वर्षाचे दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आहे म्हणून तोच पर्याय निवडणे हा नेमका चुकीचा मार्ग आहे.

धर्माचा रकाना प्रवर्गाशी जोडू नये. रावेर, यावल, चोपडा भागातील तडवी भिल्ल विद्यार्थी मुस्लीम असतात, आणि धर्म मुस्लीम भरल्यावर जमातीचा दावा करता येणार नाही अशी भीती काही पालकांना वाटते. अनुसूचित जमातीची ओळख धर्मावर अवलंबून नाही. धर्म जो आहे तो भरावा, प्रवर्ग अनुसूचित जमाती भरावा. अनुसूचित जातीच्या बाबतीत मात्र हिंदू, शीख आणि बौद्ध या धर्मांची अट आहे. अल्पसंख्याक कोटा ही आणखी वेगळी बाब आहे. तो त्या समाजाच्या संस्थेने चालवलेल्या महाविद्यालयापुरता असतो आणि त्यासाठी धर्म किंवा मातृभाषा दाखल्यावर नोंदलेली असावी लागते. मातृभाषेच्या यादीत अहिराणी दिसली नाही तर मराठी निवडावी, त्याने काही बिघडत नाही.

समांतर आरक्षणाचे रकाने, म्हणजे दिव्यांग, सैनिकांचे पाल्य, खेळाडू, प्रकल्पग्रस्त वगैरे, बहुतेक जण न वाचता ओलांडतात. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील सरदार सरोवराचे विस्थापित किंवा हतनूर धरणात जमीन गेलेली कुटुंबे यांच्याकडे प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र असते, पण ते नोकरीसाठीच कामाचे असे समजून कपाटात राहते. ते असेल तर तो रकाना भरावा.

*खबरदारी, सुरतहून परतणाऱ्यांसाठी:* उधना-लिंबायत भागात राहून गुजरात मंडळाची दहावी केलेले अनेक विद्यार्थी अकरावीला गावी येतात. गुजरातमधील अधिकाऱ्याने दिलेले जातीचे प्रमाणपत्र महाराष्ट्रातील आरक्षणाला चालत नाही. ते महाराष्ट्रातील सक्षम अधिकाऱ्याकडूनच घ्यावे लागते, आणि वर दिलेली 1967 ची तारीख इथे खरी कसोटी ठरते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र सुरत सोडण्यापूर्वीच घ्यावे, नाहीतर त्या एका सहीसाठी पुन्हा जावे लागते.

टप्पा 5: कागदपत्रे अपलोड करणे

कागद बरोबर असून अर्ज परत येतो तो बहुधा छायाचित्रामुळे. मोबाइलने दाखल्याचा फोटो काढताना हाताची सावली पडते, लॅमिनेशनवर दिवा चमकतो आणि नेमका प्रमाणपत्राचा क्रमांक किंवा मुदतीची तारीख पांढरी होते. फोटोऐवजी स्कॅन करावे. स्कॅनर नसेल तर कागद लॅमिनेशनच्या पिशवीतून काढून, सपाट जागी, दिवसाच्या उजेडात स्कॅन करणारे ॲप वापरावे.

चारही कडा चौकटीत आल्या पाहिजेत. आता दाखले ऑनलाइन मिळतात आणि त्यांवर बारकोड व डिजिटल सही असते. हा भाग खालच्या कोपऱ्यात असल्याने कापताना तोच जातो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रावरील मुदतीची ओळही खालच्या भागात असते, आणि तपासणारा सर्वांत आधी तीच शोधतो.

फाईलचा आकार संकेतस्थळाने दिलेल्या मर्यादेत बसवावा लागतो, पण तो कमी करताना अक्षरे फुटू देऊ नयेत. फाईल लहान केल्यावर उघडून दाखला क्रमांक वाचता येतो का ते पाहावे. तो आपल्याला वाचता येत नसेल तर तपासणाऱ्यालाही येणार नाही.

फाईलींना नावे द्यावीत. कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावांत जातीचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांची अदलाबदल सहज होते. नॉन-क्रीमीलेअरच्या जागी उत्पन्नाचा दाखला चढवणे ही तर दरवर्षीची चूक आहे, कारण दोन्हींत रकमा दिसतात आणि दोन्हींवर महसूल खात्याची मुद्रा असते. कागदाच्या शीर्षकात ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याबाबत’ असे शब्द असतील तर तेच नॉन-क्रीमीलेअर.

*तपासणी:* अपलोड झाल्यावर प्रत्येक कागद संकेतस्थळावरूनच पुन्हा उघडून पाहा. ‘यशस्वी’ हा संदेश फाईल पोहोचल्याचा आहे, बरोबर फाईल पोहोचल्याचा नाही.

टप्पा 6: प्रतिज्ञापन आणि हमीपत्र

अर्जाच्या शेवटी एक छोटी चौकट असते, तिच्यावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि म्हणून ती कोणी वाचत नाही. या चौकटीत विद्यार्थी आणि पालक दोघेही सांगतात की दिलेली माहिती खरी आहे, कागदपत्रे अस्सल आहेत आणि काही खोटे आढळल्यास प्रवेश रद्द होण्यास आमची हरकत राहणार नाही. ही टिचकी कॅफेचालकाने मारली तरी जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून भरलेल्या अर्जाची प्रत आधी छापून, घरी बसून, विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावी आणि पालकाने मूळ कागदांशी ताडावी. त्यानंतरच प्रतिज्ञापन मान्य करावे.

जातीच्या दाव्यामागे स्वतंत्र कायदा आहे. राज्याच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेला प्रवेश आणि सवलती काढून घेतल्या जातात, आणि 6 महिने ते 2 वर्षे सक्तमजुरी किंवा 2,000 ते 20,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातीचे नाव चुकून वेगळे लिहिणे आणि खोटे प्रमाणपत्र जोडणे यांत फरक आहे, हे खरे. पण चूक होती हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ती टिचकीपूर्वी शोधणे सोपे.

हमीपत्र ही प्रतिज्ञापनाहून वेगळी गोष्ट आहे. एखादा कागद आज नाही आणि ठरावीक तारखेपर्यंत देतो, असे त्यात लिहून द्यायचे असते. त्यावर सही करताना तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या कागदाचे हमीपत्र आहे, अंतिम तारीख कोणती, आणि कागद न दिल्यास प्रवेशाचे काय होईल. तारखेची जागा कोरी असलेल्या हमीपत्रावर सही करू नये. सही केलेल्या हमीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि तारीख घरातील कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहावी, कारण महाविद्यालय आठवण करून देईलच असे नाही.

विद्यार्थी 18 वर्षांखालील असल्याने पालकाची सही आवश्यक असते. वडील बाहेरगावी असतील तर आईने स्वतःच्या नावाने सही करावी आणि नाते लिहावे. वडिलांच्या नावाची सही दुसऱ्याने करणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि तो प्रतिज्ञापनाच्या पहिल्याच वाक्याला खोटे पाडतो. पालकांना सही येत नसेल तर अंगठा चालतो, त्यापुढे नाव लिहून साक्षीदाराची सही घ्यावी.

पदवीच्या अर्जात याच ठिकाणी रॅगिंगविरोधी हमीपत्र असते, आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्रही मागितले जाते. लग्न झालेल्या विद्यार्थिनींनी तिथे एक लक्षात ठेवावे: आडनाव बदलले तरी जात जन्माचीच भरायची असते आणि जातीचे प्रमाणपत्र वडिलांच्या घराण्याचेच लागते.

टप्पा 7: अर्ज बंद करणे, तपासणी आणि पसंतीक्रम

पहिला भाग बंद केल्यावर तो तपासणीसाठी शाळेकडे किंवा मार्गदर्शन केंद्राकडे जातो. इथे काम संपले असे समजून लोक निर्धास्त होतात. अर्ज परत आला असेल तर त्याचे कारण लॉगिनमध्ये दिसते, आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवल्याशिवाय तो गुणवत्ता यादीत येत नाही. मंजुरीची नोंद दिसेपर्यंत रोज एकदा लॉगिन करून पाहावे.

मंजुरीनंतर प्रवर्ग बदलणे अवघड असते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा हरकत नोंदवण्यासाठी मुदत मिळते, ती सोडू नये. यादीत नाव सापडले की लोक थांबतात. नावापुढचा प्रवर्ग आणि गुणही वाचावेत.

दुसऱ्या भागात 2025-26 च्या नियमांप्रमाणे किमान 1 आणि कमाल 10 महाविद्यालये निवडता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते, अन्यथा पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. त्यामुळे यावलहून रोज एसटीने ये-जा करता येणार नाही असे जळगावचे महाविद्यालय केवळ नाव मोठे म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकू नये.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीसाठी एक काम प्रवेशानंतर लगेच सुरू होते. विज्ञान शाखेनंतर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करायचा असतो. ‘पाटील’ आणि ‘चौधरी’ यांचा खुलासा समिती पुन्हा पहिल्यापासून मागेल. म्हणून प्रांत कार्यालयात दिलेली वंशावळ, आजोबांचा उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल यांचा एक संच वेगळा ठेवावा आणि अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच हा अर्ज द्यावा.